बावीस हजारांचं कानातलं

आजीशी बोलायला आमच्या घरात एकूण चारच शब्द उरले होते. जेव, गोळी, झोप आणि टीव्ही. शेवटचा म्हणजे टीव्हीचा आवाज कमी कर, पण तेवढं मोठं वाक्य कोण ओरडत बसणार, म्हणून नुसतंच टीव्ही!! आणि वर हाताने खाली-खाली.

हे एका दिवसात झालं नाही. आधी गंमतच वाटायची, मम्मी म्हणायची साखर संपली की आजी विचारायची, शेखर? कधी आला शेखर? शेखरकाका बदलापूरला, तो गणपतीशिवाय परळला येत नाही. आम्ही हसायचो, तीपण हसायची. मग हळूहळू ती विचारेनाशी झाली. सगळे हसले की आपणही हसायचं, एवढंच करायची. खोली दहा बाय बाराची, त्यात आम्ही पाच माणसं आणि संध्याकाळी शेजारून येणारी चुलतबहीण तनू, म्हणजे सहा, आणि त्या गर्दीत ही एकटी खिडकीपाशी.

कानाच्या मशीनचं नाव काढलं की तिचं ठरलेलं, "मला ऐकू येतं, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता." शेवटी मी सुट्टी टाकली आणि टॅक्सीत घालून दादरला नेलं. आधी कानातला मळ काढला, मग एका काचेच्या खिडकीच्या बंद खोलीत बसवलं, कानावर हेडफोन, हातात बटण, आवाज आला की दाबायचं. आजी परीक्षेला बसल्यासारखी ताठ. मी बाहेरून बघत होते, बराच वेळ तिचा अंगठा हललाच नाही, तेव्हा मला कसंतरीच झालं.

तिथल्या मॅडमनी ग्राफ दाखवला, डावीकडे बरा, मग घसरगुंडी. म्हणाल्या, जाडे आवाज पोचतात आजींना, बारीक आवाज नाहीत. स, श, फ, थ गळतात. म्हणजे कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. आणि ओरडून उपयोग नाही, ओरडलं की आवाज वाढतो, शब्द साफ होत नाही, उलट चेहऱ्यावर राग दिसतो. समोर बसून सावकाश बोला.

म्हणजे ती खरंच सांगत होती, तोंडातल्या तोंडात बोलता म्हणून. तिला तसंच ऐकू येत होतं.

किंमत ऐकल्यावर मात्र तिला एकदम सगळं स्पष्ट ऐकू आलं. "बावीस हजार? एका कानाचे? त्यापेक्षा मला कुड्या केल्या असत्यास." म्हटलं आजी, सोन्याचा भाव बघ, बावीस हजारात कुड्यांच्या नुसत्या फिरक्या येतील.

पहिला आठवडा वाईट गेला. लोकांना वाटतं मशीन लावलं की झालं, चष्म्यासारखं. तसं नसतं हो. पंखा तिला विमानासारखा वाटायचा, मम्मीने भाजीची पिशवी उघडली की दचकायची, आणि स्वतःचाच आवाज ऐकून म्हणाली, "ही कोण गं डब्यात बसून बोलतेय?" कानाजवळ हात नेला की मशीन कुईं करून शिटी मारायचं. मॅडमनी सांगितलेलं की सुरुवातीला दिवसातून थोडेच तास, घरातच, मग हळूहळू वाढवा, पण आजी तिसऱ्याच दिवशी फुलं आणायला दादरच्या फुलबाजारात गेली मशीन लावून! परत आली ती मशीन रुमालात बांधून. "जग फार बोंबलतं गं. बरी होते मी."

मला वाटलं, गेले बावीस हजार.

वाचवलं तनूने. सहा वर्षांची आहे, पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे तिचे स आणि श आधीच हवेत जातात, आणि आजीला गळतात तेही तेच, म्हणजे या दोघींचं बोलणं म्हणजे सगळा आनंदच. पण मशीनच्या बॅटरीचं खातं तनूने स्वतःकडे घेतलं. त्या बटणाएवढ्या बॅटरीवर नारिंगी स्टिकर असतो, तो काढला की आत हवा जाते आणि बॅटरी चालू होते, म्हणून मिनिटभर थांबून मग घालायची. ते मिनिट तनू मोठ्याने साठ आकडे म्हणून मोजते आणि स्टिकर कॅलेंडरवर त्या तारखेला चिकटवते. आजी समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत असते. एकदा म्हणाली, "सदतीस खाल्लास." तनू ओरडली, "आजीला कळलं!" आणि पुन्हा एकपासून.

सोहमचं मात्र वेगळंच झालं. दहावीत आहे तो. घरात खाजगी बोलायला जागा नाही, त्यामुळे साहेबांचे सगळे गुप्त फोन आजीच्या खिडकीत चालायचे, वर्षानुवर्षं, कारण आजी म्हणजे भिंत. त्या दिवशी तो मित्राला सांगत होता की आजपण क्लासला नाही येत, पप्पांना काय कळतंय. आजी लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "हळू बोल मेल्या, मम्मी आत आहे."

सोहमचा चेहरा बघायला मी काहीही दिलं असतं. हे मला त्यानेच नंतर सांगितलं. तो म्हणाला, मला वाटलं आता शिव्या बसणार, पण तिने लसणाची ताटली माझ्याकडे सरकवली आणि विचारलं, का बुडवतोस? आणि मग तो बोलला. भूमितीचे सर सगळ्यांसमोर हसतात त्याला, हे ना मला माहीत होतं ना मम्मीला. अख्खा लसूण सोलून झाला. आजीने पप्पांना काही सांगितलं नाही, पुढच्या सोमवारी फक्त "चल, मला वडाच्या फांद्या बघायच्यात" असलं काहीतरी कारण काढून त्याच्यासोबत क्लासच्या दारापर्यंत चालत गेली.

मी तिला विचारलं, तुला आधी राग नाही यायचा आमचा, चार शब्दांचा? तर म्हणाली, "कसला राग. तुझे आजोबा गिरणीत साचाखात्यात होते, तीस वर्षं त्या धडधडीत उभं राहून कान गेले त्यांचे. शेवटी शेवटी मीपण त्यांच्याशी एवढंच बोलायचे. जेवा आणि झोपा." मग बराच वेळ गप्प. "माझे दोनच होते गं. तुम्ही चार तरी बोलत होतात."

मी चहा टाकायला उठले, दुसरं काय करणार.

आता ती रात्री दहाला मशीन काढते, बॅटरीचं झाकण उघडून डबीत ठेवते आणि म्हणते, दुकान बंद. काल दुकान बंद झालं होतं, दिवा घालवलेला, मी गादीवर. सोहम उशिरा आला, चप्पल काढता काढताच "आजी, आज ना सरांनी" म्हणून सुरू झाला, मग त्याच्या लक्षात आलं, हाताने राहू दे म्हणाला.

अंधारात डबी उघडल्याचा आवाज आला. मग कुईं.

"थांब, कान लावते," आजी म्हणाली. "हां. आता पहिल्यापासून सांग."