सरपंचांना सुनावणीविना अपात्र ठरवणाऱ्या आदेशाबाबत जिल्हाधिकाऱ्यांना पत्र

दिनांक : 2 डिसेंबर 2025

प्रति,
मा. जिल्हाधिकारी महोदय,
जिल्हाधिकारी कार्यालय (ग्रामपंचायत शाखा)

विषय : ग्रामपंचायत सावरटेक येथील सरपंचांना म्हणणे मांडण्याची संधी न देता अपात्र ठरवल्याबाबत हरकत व आदेश मागे घेण्याची विनंती.

संदर्भ : आपला दि. 24 नोव्हेंबर 2025 रोजीचा आदेश, महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 मधील कलम 14(1)(ज-3) व कलम 16 अन्वये.

महोदय,

मी खाली सही करणारा, मौजे सावरटेक येथील प्रभाग क्र. 2 मधून निवडून आलेला ग्रामपंचायत सदस्य, उपरोक्त आदेशास लेखी हरकत नोंदवत आहे. सुरुवातीलाच हे स्पष्ट केलेले बरे की, मी सरपंचांच्या पॅनेलचा नाही. डिसेंबर 2022 च्या निवडणुकीत मी त्यांच्या विरोधी पॅनेलमधून लढलो, गेली तीन वर्षे मासिक सभेत त्यांच्या अनेक ठरावांना विरोध केला आणि पाणीपट्टीच्या प्रश्नावरून आजही आमचे एकमत नाही. त्यामुळे हे पत्र त्यांच्या बाजूने लिहिले आहे असे समजले जाऊ नये. थेट जनतेतून निवडून आलेल्या सरपंचांचे पद गायरान जमिनीवरील अतिक्रमणाच्या आरोपावरून, त्यांचे म्हणणे न ऐकता गेले, ही माझी एकमेव हरकत आहे.

आदेशात असे नमूद आहे की, जाबदेणार यांना दि. 7 नोव्हेंबर 2025 रोजी नोटीस काढण्यात आली, ती त्यांच्या राहत्या घरी चिकटवून बजावण्यात आली, तरीही त्या दि. 17 नोव्हेंबर रोजीच्या सुनावणीस गैरहजर राहिल्या, म्हणून त्यांना काहीही म्हणायचे नाही असे गृहीत धरून प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. या एका वाक्यावर सगळा आदेश उभा आहे. ते वाक्य कागदपत्रांशी जुळत नाही, हे मी नम्रपणे निदर्शनास आणू इच्छितो.

नोटीस चिकटवल्याचा पंचनामा दि. 13 नोव्हेंबर 2025 रोजीचा असून त्यात दुपारी 12.15 ही वेळ व "घरास कुलूप आढळून आले, जाबदेणार गावात मिळून आल्या नाहीत" असा मजकूर आहे. त्याच दिवशी ग्रामपंचायतीची मासिक सभा होती. सभा सकाळी 11 वाजता सुरू झाली, ती पावणेदोन वाजता संपली. सरपंच अध्यक्षस्थानी होत्या, मी स्वतः हजर होतो आणि इतिवृत्तावर त्यांची, उपसरपंचांची व आम्हा सदस्यांची सही आहे. विषय क्र. 4 वर माझा विरोध नोंदवून घेण्यासाठी आमच्यात जी बोलाचाली झाली, ती साधारण याच वेळची आहे. ग्राम महसूल अधिकारी म्हणजे आपले तलाठी यांचे कार्यालय ग्रामपंचायतीच्या इमारतीतच, सभागृहाला लागून असलेल्या खोलीत आहे. मधल्या भिंतीच्या खिडकीतून सभेतील आवाज पलीकडे ऐकू येतो. जाबदेणार गावात मिळून आल्या नाहीत असे ज्या वेळी लिहिले गेले, त्या वेळी त्या नोटीस बजावणाऱ्याच्या कार्यालयाशेजारी सभा चालवत होत्या.

पंचनाम्यावर दोन पंचांच्या सह्या आहेत. त्यातील एक पंच मूळ अर्जदाराचे सख्खे भाऊ आहेत व दुसरे त्यांच्याच शेतात कामाला आहेत. नात्यातला माणूस पंच म्हणून घेतला म्हणून पंचनामा आपोआप रद्द होतो असे माझे म्हणणे नाही, पण अशा पंचनाम्याच्या आधारे एकतर्फी आदेश करण्यापूर्वी किमान एकदा खातरजमा होणे आवश्यक होते. सरपंचांचा मोबाईल क्रमांक तहसील कार्यालयाकडे आहे, पंचायत समितीच्या आढावा बैठकीचे निरोप त्यांना त्यावरच येतात. त्यावरही कोणी एक फोन केला नाही.

टपालाने पाठवलेली नोटीस ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर आली, ती दि. 19 नोव्हेंबर रोजी, म्हणजे सुनावणीनंतर दोन दिवसांनी. आवक नोंदवहीत त्या तारखेस तिची नोंद आहे व पाकिटावरील आमच्या टपाल कार्यालयाचा शिक्काही त्याच तारखेचा आहे. सरपंचांनी काढलेल्या नकलेतील रोजनामा मी वाचला. दि. 17 नोव्हेंबरच्या नोंदीत "अर्जदार हजर. जाबदेणार गैरहजर. प्रकरण आदेशासाठी बंद" इतकेच आहे. दुसरी तारीख दिलेली नाही, नोटीस खरोखर पोहोचली का याबद्दल विचारणा झाल्याचे दिसत नाही, आणि सातच दिवसांत आदेश झाला. कलम 16(2) मध्ये असा प्रश्न शक्यतो 60 दिवसांत निकाली काढण्याची मुभा आपणांस आहे. इतका अवधी हाताशी असताना आणखी एक तारीख देण्यात कोणाचेही नुकसान नव्हते.

त्याच पोटकलमाच्या परंतुकात, सदस्यास आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय त्याच्याविरुद्ध आदेश करता येणार नाही, असे स्पष्ट बंधन आहे. विधिमंडळाने ही संधी अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली नाही, ती आदेशाची पूर्वअट आहे. लोकनियुक्त पदाधिकाऱ्यास दूर करण्याचा अधिकार किती जपून वापरावा, हे मा. सर्वोच्च न्यायालयाने रवी यशवंत भोईर विरुद्ध जिल्हाधिकारी, रायगड या 2012 च्या निकालात सांगितले आहे. जळगाव जिल्ह्यातील एका महिला सरपंचांना याच स्वरूपाच्या कारणावरून अपात्र ठरवणारे आदेश सप्टेंबर 2024 मध्ये त्याच न्यायालयाने रद्द केले, हेही आपल्या विधी अधिकाऱ्यांना ठाऊक असेल.

आता मूळ आरोपाविषयी. गट नं. 112 मधील गायरान जमिनीवर सरपंचांच्या सासऱ्यांचे घर आहे व त्या तेथे राहतात, असा अर्जदारांचा आक्षेप आहे. हा आक्षेप क्षुल्लक आहे असे मी म्हणणार नाही. कुटुंबातील व्यक्तीने केलेल्या अतिक्रमणात राहून त्याचा उपभोग घेणारा सदस्यही अपात्र ठरू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये जनाबाई यांच्या प्रकरणात म्हटलेले आहे, आणि तो निकाल सरपंचांच्या विरोधात जाऊ शकतो. नेमक्या याच कारणामुळे सुनावणीला महत्त्व येते. घर खरोखर गायरानात आहे की लगतच्या गावठाणात, हा या प्रकरणाचा कणा आहे, आणि त्याचे उत्तर भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीशिवाय मिळणार नाही. आदेशाचा आधार मात्र मंडळ अधिकाऱ्यांच्या अहवालातील "अंदाजे 20 x 30 फूट क्षेत्र गायरानात असल्याचे दिसते" हे एवढेच वाक्य आहे. मोजणी झालेली नाही, हद्दीच्या खुणा दाखवलेल्या नाहीत, नकाशा जोडलेला नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना नं. 8 च्या उताऱ्यात ते घर सासऱ्यांच्या नावे गावठाणातील मिळकत म्हणून लागलेले आहे व त्याची घरपट्टी दरवर्षी भरली जाते. हा उतारा म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, हे मला मान्य आहे. परंतु सरपंचांना बोलावले असते, तर हा कागद आपल्यासमोर आला असता, मोजणीची मागणी झाली असती, आणि त्यानंतर निकाल कोणत्याही बाजूने लागला असता तरी तो टिकला असता.

आदेशाच्या शेवटच्या परिच्छेदात, सरपंचांनी गावातील इतर अतिक्रमणे काढण्यात कसूर केली, असाही शेरा आहे. अर्जात हा आरोप नव्हता व नोटिशीतही नाही. शिवाय कर्तव्यातील कसुरीबद्दल पदावरून दूर करण्याची तरतूद कलम 39 मध्ये असून तिच्यासाठी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांमार्फत चौकशी व मा. विभागीय आयुक्तांचा निर्णय असा स्वतंत्र मार्ग आहे. अतिक्रमणाच्या प्रकरणात हा शेरा येण्याचे कारण समजत नाही. ज्याची नोटीसच नाही, त्याचे उत्तर त्यांनी कसे द्यायचे होते?

या आदेशाविरुद्ध शासनाकडे अपिलाची तरतूद आहे याची मला जाणीव आहे. निर्णयाच्या तारखेपासून 15 दिवस, म्हणजे दि. 9 डिसेंबरपर्यंत ती मुदत आहे, आणि आदेशाची प्रत सरपंचांच्या हाती दि. 28 नोव्हेंबरला पडली. अपील करायचे की नाही हे त्या ठरवतील. आपण आपल्याच आदेशाचा गुणदोषांवर फेरविचार करावा, अशी माझी मागणी नाही, कारण तसा अधिकार अधिनियमात दिलेला नाही असे उत्तर येईल याची कल्पना आहे. परंतु नोटीस न पोहोचताच झालेला एकतर्फी आदेश मागे घेणे ही वेगळी बाब आहे. गुणदोषांवरील फेरविचार आणि कार्यपद्धतीतील अशी चूक दुरुस्त करणे यातील फरक सर्वोच्च न्यायालयाने ग्रिंडलेज बँकेच्या 1980 च्या निकालात मान्य केलेला आहे.

सदस्य म्हणून मला यात बोलण्याचा हक्क कसा, असे विचारले जाऊ शकते. पद रिक्त दाखवले की तहसील कार्यालयामार्फत पोटनिवडणुकीचा प्रस्ताव जातो, आणि पुढे अपिलात आदेश रद्द झाला तर एका पदावर दोन हक्कदार उभे राहतात. दरम्यान वित्त आयोगाच्या निधीची देयके सरपंचांच्या डिजिटल स्वाक्षरीअभावी अडकतात. पाणीपुरवठ्याच्या दुरुस्तीचे देयक आजच थांबलेले आहे, आणि त्याची विचारणा माझ्या प्रभागातील लोक माझ्याकडे करतात.

तरी विनंती की, दि. 24 नोव्हेंबर 2025 रोजीचा आदेश मागे घेऊन प्रकरण मूळ क्रमांकावर पुन्हा सुनावणीस घ्यावे, सरपंचांना नोटीस प्रत्यक्ष हातात देऊन तिची पोच घ्यावी, भूमी अभिलेख कार्यालयाकडून दोन्ही पक्षांच्या समक्ष मोजणी करून घ्यावी, आणि तोवर सदर पद रिक्त असल्याचा अहवाल पाठवू नये. अपिलाची मुदत लक्षात घेता या अर्जावर दि. 9 डिसेंबरपूर्वी निर्णय व्हावा. आवक नोंदवही व इतिवृत्त पुस्तक मूळ स्वरूपात पाहायचे असल्यास ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना ते घेऊन बोलवावे. आपण द्याल त्या तारखेस मी स्वतः हजर राहून वरील मजकुराबाबत शपथेवर जबाब देण्यास तयार आहे.

सोबत दि. 13 नोव्हेंबरच्या सभेच्या इतिवृत्ताची प्रमाणित प्रत, आवक नोंदवहीतील दि. 19 नोव्हेंबरच्या पानाची प्रत, नोटिशीच्या पाकिटाची दोन्ही बाजूंची छायाप्रत, रोजनाम्याची नक्कल व नमुना नं. 8 चा उतारा जोडला आहे.

आपला विश्वासू,

(सही)
दत्तात्रय रामभाऊ खराडे
सदस्य, प्रभाग क्र. 2
ग्रामपंचायत सावरटेक

प्रत माहितीसाठी : मा. विभागीय आयुक्त, मा. मुख्य कार्यकारी अधिकारी (जिल्हा परिषद), मा. तहसीलदार व मा. गटविकास अधिकारी यांना सविनय सादर.