रात्री फळ खाल्लं तर चरबी वाढते का?

प्रश्न : मी ३४ वर्षांची आहे, डोंबिवलीत राहते. वजन ६२ किलो आहे, गेल्या सहा महिन्यांत तीन किलो वाढलं. रात्री साडेनऊला जेवण होतं आणि साडेदहाला मी वाटीभर पपई किंवा एखादं केळं खाते. ही सवय लग्नाआधीपासूनची आहे. सासूबाई म्हणतात, रात्रीचं फळ पोटात सडतं आणि त्याची चरबी होते. सासऱ्यांना मधुमेह आहे, तेही माझ्याबरोबर दोन फोडी खातात. सहा महिन्यांपासून माझं काम घरून चालतं, त्यामुळे बाहेर पडणं कमी झालंय. संध्याकाळी चहाबरोबर शेव-चिवडा होतो, बाकी काही नाही. फळ बंद करू का?

उत्तर : नका करू. रात्र झाली म्हणून फळाची वेगळी चरबी होत नाही. दिवसभरात शरीराला लागतं त्यापेक्षा जास्त पोटात गेलं आणि असं रोज होत राहिलं, की चरबी साठते. मग ते जास्तीचं सकाळच्या पोह्यांतून आलेलं असो की रात्रीच्या केळ्यातून.

तुमच्या पत्रातच उत्तराचा मोठा भाग आहे. पपईची सवय लग्नाआधीची आणि वजन वाढलं गेल्या सहा महिन्यांत. मग या सहा महिन्यांत बदललं काय, ते आधी बघायला हवं.

थोडा हिशोब करू. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. तीन किलो म्हणजे २३ हजारांच्या आसपास, आणि त्या सहा महिन्यांवर वाटल्या तर रोजच्या जेमतेम १३० कॅलरी होतात. शरीराचं गणित इतकं सरळ चालत नाही, पण अंदाज यायला एवढं पुरे. वाटीभर पपईत, म्हणजे दीडशे ग्रॅममध्ये, ६५ च्या आसपास कॅलरी असतात. मध्यम केळ्यात ९० ते १००. चहाबरोबरची शेव ५० ग्रॅम धरली, तर तेवढ्यातच अडीचशेच्या वर जातात, आणि काम करता करता खाताना ५० ग्रॅमवर हात थांबत नाही. कामावर जाताना स्टेशनपर्यंत जाऊन-येऊन चाळीस मिनिटांचं चालणं होत असेल, तर त्यात शंभरेक कॅलरी खर्च होत असणार. ते चालणं थांबलं आणि शेव-चिवडा रोजचा झाला. तुमच्या प्रश्नात शेव शेवटी आली आणि पपई आधी आली, याचं मला वाईट वाटतं. घराघरांत हेच होतं: वजन वाढलं की पहिली कुऱ्हाड फळावर पडते.

पण म्हणून फळाला हिशोबातूनच सूट आहे, असंही नाही. पोट भरल्यावर, भूक नसताना, रोज दोन केळी खाल्ली तर तीही जमा होतात. आमरस-पुरी, साखर घातलेलं शिकरण, कस्टर्ड घालून केलेलं फ्रूट सॅलड हे फळ म्हणून मोजू नका. दोन केळी, कपभर दूध आणि तीन चमचे साखर यांचं शिकरण साडेतीनशे कॅलरींपर्यंत सहज जातं. रसाचंही तसंच. एका ग्लासात तीन-चार मोसंबी जातात, चोथा मागे राहतो आणि पाच मिनिटांत ग्लास रिकामा होतो. तीन मोसंबी सोलून खायला बसलात, तर बहुधा दुसरीलाच थांबाल. जागतिक आरोग्य संघटनाही रसातली साखर बेतानं घ्यायच्या साखरेत धरते, अख्ख्या फळातली धरत नाही.

सासूबाईंचं म्हणणं मात्र झटकून टाकू नका. फळ पोटात सडत नाही. जठरातल्या आम्लात अन्न सडायला वाव नसतो आणि जेवणानंतरचं फळही बाकीच्या अन्नाबरोबर पुढे सरकतं. पण रात्री उशिरा खाऊन लगेच आडवं झालं की जड वाटतं, संत्र्या-अननसानं काहींना जळजळ होते, आणि ते त्यांनी पाहिलेलं असणार. उशिरा जेवण्याबद्दलही त्यांच्या पिढीचा आग्रह योग्य आहे. बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये वजन जास्त असलेल्या १६ जणांना तेच अन्न एकदा वेळेवर आणि एकदा सुमारे चार तास उशिरा दिलं. उशिरा खाताना त्यांना भूक जास्त लागली आणि शरीराचा उष्मांक-खर्च थोडा घटला. प्रयोग लहान होता आणि त्यात सगळंच खाणं पुढे ढकललं होतं, एखादं फळ नव्हे. त्यामुळे त्यावरून पपई सोडण्याचं कारण मिळत नाही, जेवण आठच्या आसपास आणायचं मिळतं. घरातले सगळे तोवर येत नसतील, तर तुम्ही आधी जेवा आणि ते आले की त्यांच्याबरोबर बसून पपई खा. यात कुणाचा अवमान नाही, घरात एकदा बोलून ठेवा.

सासऱ्यांचा विचार वेगळा करायला हवा. संध्याकाळनंतर शरीराची साखर हाताळण्याची क्षमता सकाळपेक्षा कमी असते, आणि मधुमेहात ती आधीच कमी झालेली असते. त्यांनी फळ सोडू नये, वेळ बदलावी. सकाळी अकराच्या सुमारास किंवा संध्याकाळी एक मध्यम पेरू किंवा लहान सफरचंद सालीसकट चालेल. चिकू, सीताफळ, आंबा अगदी बेतानं. घरी ग्लुकोमीटर असेल तर खाण्याआधी आणि दोन तासांनी साखर तपासून लिहून ठेवा. त्यांना कोणतं फळ किती चालतं, हे त्या आकड्यांवरूनच नीट कळेल. मात्र ते इन्शुलिन किंवा साखर खूप उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेत असतील, तर रात्रीचं खाणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय अचानक थांबवू नका. झोपेत साखर उतरण्याचा धोका असतो. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर केळ्यासारख्या पोटॅशियम जास्त असलेल्या फळांबद्दलही विचारून घ्या.

तुमच्यासाठी माझं सांगणं असं : शेव-चिवड्याचा डबा कामाच्या टेबलापासून दूर, स्वयंपाकघरात वरच्या फळीवर ठेवा. पाच वाजता भूक खरीच लागत असेल, तर पेरू किंवा केळं तेव्हाच खा, सोबत मूठभर फुटाणे घ्या. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन हजार कॅलरींच्या आहारात रोज १०० ग्रॅम फळ धरलं आहे. तुमची वाटीभर पपई त्याहून थोडीच जास्त आहे, त्यानं काही बिघडत नाही. रात्री फळ हवंच असेल, तर जेवणात अर्धी पोळी कमी घ्या. चाळीस मिनिटांचं चालणं मात्र परत सुरू करा, काम सुरू करण्याआधी किंवा संपल्यावर, जसं जमेल तसं.

वजन रोज बघू नका. आठवड्यातून एकदा, सकाळी, एकाच वेळी बघा. सहा-आठ आठवडे हे नीट पाळूनही काटा वरच जात राहिला, किंवा थकवा, केस गळणं, पाळी अनियमित होणं असं काही सोबत असेल, तर थायरॉइडची टीएसएच चाचणी करून घ्या आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना भेटा.