मूळ संख्यांच्या सेमिनारसाठी कुठल्या भागाला कुठल्या प्रश्नांची तयारी करायची

प्रिय मधुरा,

तुझ्या स्लाइड्स पाहिल्या. कार्मायकेल संख्यांच्या स्लाइडवरचं एक वाक्य बदलायला हवं, बाकी मांडणी आहे तशीच राहू दे. शुक्रवारी चाळीस मिनिटांचं बोलणं आणि दहा मिनिटं प्रश्न. खरे अडचणीचे प्रश्न तुझं एक विधान आणि माझं एक विधान शेजारी ठेवल्यावर निघतात, असं मला वाटतं. म्हणून माझ्या भागाचे प्रश्नही नीट वाच.

पहिला भाग, फर्माचं छोटं प्रमेय, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना माहीत आहे. तिथे सिद्धतेवर कोणी अडणार नाही. विचारतील ते हे: २ चा ५६० वा घात म्हणजे दीडशेहून जास्त अंकी संख्या, ती काढायची कशी? "पायथनमध्ये pow आहे" एवढ्यावर थांबू नकोस. ५६० द्विमान पद्धतीत १०००११०००० असं लिही. नऊ वेळा वर्ग आणि दोन गुणाकार, म्हणजे अकरा पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीनंतर ५६१ ने भागून बाकी घ्यायची, म्हणजे आकडे वाढतच नाहीत. फळ्यावर हे दोन मिनिटांत होतं. कोणी सी++ मध्ये लिहून पाहिलं असेल तर "मोठ्या n ला उत्तर चुकतं" अशी तक्रार येईल. कारण असं की बाकी घेण्याआधीचा गुणाकार ६४ बिटांत मावत नाही. तिथे `__int128` वापरायला सांग आणि पुढे जा.

आता ते वाक्य. तू लिहिलंयस, "५६१ ला फर्माची चाचणी कुठल्याही a ने पकडू शकत नाही." समोर लॅपटॉप उघडा असलेला कोणीतरी लगेच हे टाइप करेल:

```python
print(pow(2, 560, 561))   # 1
print(pow(3, 560, 561))   # 375
```

आणि म्हणेल, ३ ने तर पकडली! तो बरोबर असेल. वाक्यात "५६१ शी सामाईक अवयव नसलेल्या" हे शब्द घाल. त्यावरचा पुढचा प्रश्नही ठरलेला: मग सामाईक अवयव असलेला a शोधू या की! उत्तर असं की तसा a सापडणं म्हणजे n चा अवयवच सापडणं. ५६१ = ३ × ११ × १७ इथे ते सोपं आहे; अवयव शेकडो अंकी असले की नशिबाने असा a हाती लागण्याची आशा धरता येत नाही.

ही संख्या का फसवते, हे एका ओळीत सांगता आलं पाहिजे: ३, ११, १७ मधून प्रत्येकी १ वजा केला की २, १०, १६ येतात आणि तिन्हींनी ५६० ला पूर्ण भाग जातो. "अशा संख्या किती?" याला "अनंत, आणि याची सिद्धता १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली" एवढं पुरे. सिद्धतेत शिरू नकोस, दहा मिनिटं तिथेच संपतील.

माझा भाग मिलर–रॅबिनचा. पहिला प्रश्न अपेक्षित आहे: मूळ संख्येच्या मॉड्युलोत १ ची वर्गमुळं दोनच का? मी "कारण ते फील्ड आहे" असं म्हणणार नाही, निम्म्या मुलांना त्यातून काहीच कळत नाही. p ने (x−१)(x+१) ला भाग जातो, p मूळ आहे, म्हणून दोहोंपैकी एकाला तरी जातोच. एवढंच. मग ५६० = १६ × ३५ अशी फोड करून २ चा ३५ वा घात घेतो आणि वर्ग करत जातो: २६३, १६६, ६७, १. ६७ हे १ किंवा −१ नाही, तरी त्याचा वर्ग १ आला. म्हणून ५६१ संयुक्त.

याच जागी सगळ्यात चांगला प्रश्न येईल आणि तो बहुधा सरांपैकी कोणी तुला विचारेल, कारण शेवटच्या स्लाइडवर तू म्हणतेस की ही चाचणी संख्या संयुक्त आहे एवढंच सांगते, अवयव देत नाही, म्हणून आरएसए सुरक्षित राहतं. पण ६७ − १ = ६६ आणि ५६१ यांचा म.सा.वि. ३३ आहे, ६८ आणि ५६१ यांचा १७. म्हणजे अवयव मिळाले! गडबडू नकोस, तुझं म्हणणं टिकतं. अवयव मिळाले कारण मालिका १ पर्यंत पोचली, म्हणजे ५६१ ने फर्माची चाचणी आधीच फसवली होती. मोठी संयुक्त संख्या सहसा फर्मालाच अडकते, शेवटी १ येतच नाही, मग म.सा.वि. काढायला हाती काही उरत नाही. हे उत्तर तू तुझ्या शब्दांत दोनदा मोठ्याने म्हणून बघ.

चूक होण्याची शक्यता एक चतुर्थांशाहून जास्त नाही, यावर दोन प्रश्न धर. "प्रत्यक्षात इतकी असते का?" ५६१ साठी १ ते ५६० मध्ये फर्माला फसवणारे a ३२० आहेत, मिलर–रॅबिनला फसवणारे फक्त १०. हा आकडा मी स्लाइडवर टाकतो, त्याने चाचणीतला फरक डोळ्यांना दिसतो. दुसरा प्रश्न अवघड: "वीस वेळा उत्तीर्ण झाली, तर ती संयुक्त असण्याची शक्यता सुमारे एक लाख कोटींत एक, असंच ना?" नाही. शक्यता a च्या निवडीची आहे: n संयुक्त असेल तर वीस यादृच्छिक a तिला सोडून देतील, याची. n मुळात कुठून निवडली यावर उलटा निष्कर्ष अवलंबून असतो. या प्रश्नाला मीच उत्तर देतो. तू "हो" म्हणून मोकळी होऊ नकोस.

"नेहमी २ च घेतला तर?" याला २०४७ = २३ × ८९ पुरे. २ चा ११ वा घात २०४८, म्हणजे बाकी १, आणि १०२३ ला ११ ने भाग जातो, म्हणून २ सरळ फसतो. ६४ बिटांपर्यंत मात्र २ ते ३७ या बारा मूळ संख्या a म्हणून घेतल्या की उत्तर खात्रीचं असतं, हे लक्षात ठेव.

शेवटचा भाग एकेएसचा. प्रश्न एकच: अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी २००२ मध्ये खात्रीची आणि बहुपदी वेळेची रीत दिली, तर अजून मिलर–रॅबिन का वापरतात? "एकेएस हळू आहे" हे खरं, पण अपुरं. बहुपदी वेळ म्हणजे वाढीचा वेग आटोक्यात, प्रत्यक्ष वेळ कमी असं नव्हे; त्यांच्या रीतीत घातांक मोठा आहे, आणि गुपितलेखनाच्या कामाला नगण्य चूक चालते. त्या निकालाचं मोल मात्र कमी करून सांगू नकोस: कुठलंही न सिद्ध झालेलं गृहीतक न धरता हे जमतं, हे त्यांनी पहिल्यांदा दाखवलं. मिलरच्या १९७६ च्या खात्रीच्या रीतीला विस्तारित रीमान गृहीतक लागत होतं.

बुधवारी संध्याकाळी मोकळी असशील तर मी प्रश्न विचारतो, तू स्लाइड बंद ठेवून उत्तरं दे. मग आपण जागा बदलू. ५६१ ची मालिका तेवढी पाठ करून ये.

तुझा,
अनिकेत