रत्नागिरी जिल्ह्याच्या बातम्या: ३१ जुलै, सायंकाळी साडेसात

नमस्कार. सायंकाळचे साडेसात वाजले आहेत. रत्नागिरी जिल्ह्याच्या बातम्या देत आहे.

मासेमारीबंदी आज मध्यरात्री संपते आहे. पण हवामान खात्याने सांगितले आहे, पुढचे दोन दिवस समुद्रात जाऊ नका.
जगबुडी नदी इशारा पातळीच्या वर आहे, धोका पातळीच्या खाली आहे.
आणि उद्या शाळांना सुट्टी असल्याचा संदेश खोटा आहे.

आता सविस्तर बातम्या.

हवामान खात्याने रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठी आज दुपारी इशारा दिला आहे. समुद्रात वाऱ्याचा वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास राहील. मधूनच त्याहून जोराचे झोत येतील. हा इशारा परवा सकाळपर्यंत आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय सागरी माहिती केंद्राने लाटांचा अंदाज दिला आहे. लाटा साडेतीन मीटरपर्यंत उसळतील. साडेतीन मीटर म्हणजे साधारण साडेअकरा फूट. आपल्या कौलारू घराच्या पागोळीपेक्षाही उंच.

बंदर विभागाने सांगितले आहे, जिल्ह्यातील बंदरांवर तीन नंबरचा बावटा कायम आहे.

मत्स्यव्यवसाय विभागाने बंदीबाबत खुलासा केला आहे. यांत्रिक नौकांवरील बंदी १ जूनपासून होती. ती आज मध्यरात्री संपते. पर्ससीन नौकांना मात्र उद्या जाता येणार नाही. त्यांचा हंगाम १ सप्टेंबरला सुरू होतो. ज्यांना उद्यापासून परवानगी आहे, त्यांनीही बावटा उतरल्यावरच निघावे, असे विभागाने बजावले आहे.

हर्णैच्या मच्छीमारांनी आमच्या प्रतिनिधीला तयारीची माहिती दिली. खलाशी परत आले आहेत. जाळी विणून झाली आहेत. बर्फ आणि डिझेल मात्र अजून भरलेले नाही. दोन दिवस थांबायचे, असे बंदरावरच्या बैठकीत ठरले आहे. काही जुन्या होडीवाल्यांनी सांगितले, नारळी पौर्णिमेला सागराला नारळ दिल्याशिवाय ते होडी पाण्यात घालत नाहीत.

मिरकरवाड्याच्या नौकामालकांनी सांगितले, दोन महिने मिळकत नव्हती, त्यामुळे थांबणे जड जाते. ही अडचण खरी आहे. म्हणूनच ही बातमी आम्ही पहिली घेतली आहे. घरातले कोणी आज रात्री निघण्याच्या विचारात असेल, तर हा इशारा त्यांच्या कानावर घाला.

तटरक्षक दलाने आठवण केली आहे, समुद्रात संकट आल्यास १५५४ वर फोन करा. पुन्हा सांगते. एक, पाच, पाच, चार.

जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाने नद्यांची सायंकाळी सहाची स्थिती कळवली आहे. खेडजवळ जगबुडी साडेपाच मीटरवर आहे. इशारा पातळी पाच मीटर आहे. धोका पातळी सात मीटर आहे. म्हणजे धोक्यापासून पाणी दीड मीटर खाली आहे. चिपळूणला वाशिष्ठी इशारा पातळीच्या खाली आहे.

याच कक्षाने चिपळूणकरांना आणखी एक गोष्ट कळवली आहे. आज रात्री बाराच्या सुमारास उधाणाची भरती आहे. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी वर चढते. नदीचे पाणी मग लवकर ओसरत नाही. बाजारपेठेतल्या दुकानदारांनी तळमजल्यावरचा माल आत्ताच वर हलवावा. २०२१ च्या जुलैमध्ये पाणी रात्रीतच चढले होते, हे चिपळूणला सांगायला नको. मदतीसाठी क्रमांक आहे १०७७. एक, शून्य, सात, सात.

जिल्हाधिकारी कार्यालयाने स्पष्ट केले आहे, उद्या शाळांना सुट्टी जाहीर झालेली नाही. मोबाइलवर फिरणारे पत्र जुने आहे. त्यावरची तारीख बदललेली आहे. ते पुढे पाठवू नका. रात्री निर्णय बदलला, तर दहाच्या बातम्यांत सांगू.

कोकण रेल्वेने कळवले आहे, मार्ग सुरू आहे. जोराच्या पावसात गाड्या ताशी ४० किलोमीटरने चालवल्या जात आहेत. मुंबईकडे जाणाऱ्या दोन गाड्या सुमारे तासभर उशिरा आहेत.

कृषी विभागाने भातशेतीसाठी सल्ला दिला आहे. पाऊस ओसरेपर्यंत युरिया टाकू नका, तो वाहून जाईल. खाचरातले जादा पाणी बांध फोडून काढा.

जिल्हा आरोग्य विभागाने शेतकऱ्यांना लेप्टोपासून जपायला सांगितले आहे. हा आजार उंदीर आणि जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होतो. पायाला जखम असेल, तर ती झाकूनच चिखलात उतरा. ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, तर घरी अंगावर काढू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. शेतात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

बातम्या संपल्या. पुढच्या बातम्या रात्री दहा वाजता. जगबुडी किंवा वाशिष्ठीचे पाणी वाढले, तर त्याआधी कार्यक्रम थांबवून कळवू.