मार्च 2025 ची बँक जुळवणी: न जुळलेल्या नोंदी आणि लागणारे कागद

म्हापसा, 7 एप्रिल 2025

नमस्कार शशीबाब,

चालू खात्याचं मार्चचं स्टेटमेंट टॅलीशी ताडून पाहिलं. 31 मार्चला बँक ₹8,05,691.20 दाखवते, आपली पुस्तकं ₹6,12,480. बँकेत ₹1,93,211.20 जास्त आहेत. फरक कोणकोणत्या नोंदींचा ते पैशापर्यंत सापडलंय, पण त्यातल्या काही रकमा कसल्या हे तुमच्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही. त्या सस्पेन्स खात्यात टाकून वर्ष बंद करायला माझी तयारी नाही.

आधी घाईचं. पर्वरीच्या कंत्राटदाराचा ₹38,500 चा चेक आपण 26 मार्चला भरला, तो 28 ला शिल्लक नाही म्हणून परत आला. वर बँकेने ₹590 कापले. आपल्या पुस्तकात मात्र ते पैसे आलेलेच आहेत. परत आल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस गेली नाही, तर या वेळच्या परतीवर कलम 138 खाली दावा करता येत नाही. म्हणून 27 एप्रिल ही शेवटची तारीख धरा. मूळ चेक आणि बँकेचा रिटर्न मेमो दुकानात असेल तर जपून ठेवा, आणि दोन्हींचे फोटो आजच पाठवा. तो माणूस गोड बोलून पुढच्या आठवड्याचं सांगेल. त्याच्याशी बोला जरूर, पण वकिलाला कागद देऊन ठेवा.

आता 21 मार्चला रोख भरलेले ₹90,000. त्या दिवशी आपल्या कॅश बुकात शिल्लक आहे फक्त ₹31,200. नोंद तशीच घातली तर रोकड उणे जाते. दुसरीकडे 10 मार्चला सेल्फच्या चेकने ₹64,000 काढलेत, त्याचीही नोंद पुस्तकात नाही. दोन्ही एकत्र धरले तर ₹95,200 होतात आणि हिशेब छान बसतो. पण बाब, बसतो म्हणून तसं लिहायचं नाही. ते ₹64,000 कामगारांच्या मजुरीत किंवा ट्रक उतरवण्यात गेले असतील, तर ते बँकेत परत कसे येतील? खर्च झाला असेल तर मजुरीचं रजिस्टर आणि सहीची व्हाउचरं हवीत. एकाच माणसाला एका दिवसात ₹10,000 च्या वर रोख दिली असेल तर तो खर्च आयकरात धरला जाणार नाही. ₹90,000 घरच्या बचतीतले असतील तर तुमच्या बचत खात्याचं पासबुक द्या. विक्रीचे असतील तर बिलबुक द्या, आणि ते गुरुवारपर्यंत, कारण मार्चचा जीएसटीआर-1 शुक्रवारी 11 तारखेला भरायचा आहे.

सगळ्यात मोठी रक्कम ₹1,85,000, 12 मार्चला एनईएफटीने आलेली. पाठवणाऱ्याचं नाव अर्धंच छापलंय, आपल्या खतावणीत तसं गिऱ्हाईक नाही. आसगावच्या बंगल्याच्या टाइल्ससाठी आलेला ॲडव्हान्स असावा असा माझा कयास आहे. तसं असेल तर ऑर्डरची प्रत आणि त्यांचं नाव-पत्ता पुरे. मालाच्या ॲडव्हान्सवर जीएसटी लगेच लागत नाही, बिल करताना लागेल. कोणाकडून हातउसने घेतले असतील तर त्यांचं सहीचं पत्र, पॅन आणि त्यांच्या खात्याचा उतारा लागेल. जमा रकमेचा खुलासा देता आला नाही तर कलम 68 खाली ती उत्पन्न धरली जाते आणि अधिभार-सेस धरून 78 टक्के कर बसतो. एवढ्यासाठीच हा आग्रह.

5 मार्चला ₹23,450 चा हप्ता आपोआप कापला गेलाय. नव्या पिकअपचा असेल तर कर्जाचा करारनामा, हप्त्यांचा तक्ता, गाडीचं बिल आणि आरसी पाठवा. व्याज आणि मुद्दल वेगळं करावं लागतं, आणि बिलावर आपला जीएसटी नंबर असेल तर माल वाहणाऱ्या गाडीचं क्रेडिटही मिळतं. घरच्या कर्जाचा असेल तर फक्त तसं कळवा, तुमच्या उचलीत टाकतो.

मडगावच्या सप्लायरला दिलेला 18 डिसेंबरचा ₹47,300 चा चेक अजून वटलेला नाही. तीन महिने उलटले, तो आता चालणार नाही. मी नोंद उलटवून त्यांचं देणं परत उभं करतो. त्यांच्याकडून खातेउतारा मागवा, आणि जुना चेक हातात आल्याशिवाय किंवा बँकेत थांबवल्याशिवाय नवा देऊ नका.

कार्ड मशीनचे ₹1,486.80 आणि बँकेचे इतर चार्जेस ₹1,062 यांची नोंद मीच करतो. त्यासाठी बँकेकडून मार्चचं जीएसटी बिल तेवढं मागून घ्या.

शुक्रवारी बाजारामुळे तुम्हाला फुरसत नसते, म्हणून गुरुवारी दुपारी मीच दुकानावर येतो. बिलबुक, मजुरीचं रजिस्टर आणि सेल्फच्या चेकची स्थळप्रत असलेलं चेकबुक काढून ठेवा.

आपला,
सुहास
(हिशेबनीस)