प्रगतिपत्रकातले ते चार शब्द, पाचवी ब च्या पालकांसाठी

नमस्कार पालकहो,

काल प्रगतिपत्रकं घरी पाठवली आणि संध्याकाळपासून मला साधारण एकच मेसेज येतोय, "मॅडम, मार्क कुठे आहेत?" मार्क नाहीयेत. या सत्रापासून शाळेने प्रत्येक कौशल्यापुढे शब्द लिहायचं ठरवलंय, प्रारंभिक, विकसनशील, प्रवीण आणि विशेष प्रवीण. शब्द जरा जड आहेत, मान्य. एका बाबांनी तर विचारलं, विकसनशील म्हणजे भूगोलातल्या देशांसारखं का :) म्हणून सगळ्यांना एकदाच सविस्तर लिहितेय, मोठा मेसेज आहे पण पूर्ण वाचा प्लीज.

सगळ्यात आधी, प्रवीण म्हणजे या इयत्तेत या वेळेला जे यायला हवं ते मुलाला स्वतःचं स्वतः आणि बहुतेक वेळा येतंय. बास, हेच आपलं टार्गेट आहे. "प्रवीणच मिळालं, विशेष का नाही" असे तीन मेसेज आलेत, तर प्रवीण हा दुसरा नंबर नाहीये हो! विशेष प्रवीण कधी लिहिते, तर मूल शिकवलेलं नव्या ठिकाणी वापरतं किंवा असंच का केलं ते दुसऱ्याला समजावून सांगतं तेव्हा. पुढच्या इयत्तेची गणितं आत्ताच सोडवली म्हणून ते मिळत नाही, त्यामुळे त्यासाठी वेगळा क्लास लावू नका.

विकसनशील म्हणजे काही भाग जमलाय, काही अजून डळमळीत आहे, मध्येच मदत लागते. उदाहरण देते. अपूर्णांकांची बेरीज. १/५ आणि २/५ दिलं की मूल पटकन ३/५ लिहितं, एकदम बरोबर. पण १/२ आणि १/३ दिलं की वरचे वर, खालचे खाली मिळवून २/५ लिहून मोकळं. अर्ध्यात आणखी भर घातली आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी आलं, हे त्याच्या लक्षातच येत नाही. मी "चित्र काढून बघ" म्हटलं की मग खोडरबर शोधायला लागतं. पेपरात याला १० पैकी ६ पडले असते आणि तुम्हाला वाटलं असतं मुलगा गणितात साधारण आहे. खरं तर त्याचं एकच अडलंय, छेद समान करणं. तेवढं सुटलं की गाडी पुढे.

प्रारंभिक म्हणजे नापास नाही, हे दोनदा वाचा. ओळख झालीय पण अजून प्रत्येक पायरीला सोबत लागते, एवढंच. मात्र एकाच विषयात तीन-चार ठिकाणी प्रारंभिक दिसलं तर मला नक्की भेटा, ते नुसतं बघून सोडून देऊ नका.

आता भाषेबद्दल, कारण तिथे जास्त गोंधळ झालाय. वाचनाच्या दोन ओळी आहेत, मोठ्याने वाचणं आणि वाचलेलं समजणं. बऱ्याच जणांना पहिल्यात प्रवीण आणि दुसऱ्यात विकसनशील आहे आणि ती चूक नाहीये. धडधडा वाचतात, पण "तो मुलगा घरी का परत गेला असेल?" विचारलं की धड्यातलं वाक्यच जसंच्या तसं वाचून दाखवतात.

हे शब्द सत्रभराची सरासरी नाहीत, हेही सांगायचं राहिलं. जूनमध्ये येत नव्हतं आणि आता येतंय तर मी आताचंच लिहिलंय. शेजारच्या मुलाशी तुलनाही नाही, अख्खा वर्ग प्रवीण असू शकतो. आणि कृपा करून प्रवीण म्हणजे ८० टक्के वगैरे हिशोब करू नका, असा तक्ता माझ्याकडेही नाही. मेहनत, वह्या पूर्ण करणं, वर्गातलं वागणं हे मागच्या पानावर वेगळं आहे, वही सुंदर आहे म्हणून पुढचा शब्द बदलत नाही. जिथे नुसती रेघ आहे ते अजून तपासलेलंच नाही.

पुढच्या सत्रात तोच शब्द परत दिसला तर "काहीच प्रगती नाही" असं लगेच म्हणू नका, तोपर्यंत अपेक्षाही वाढलेल्या असतात, तिथे तोच शब्द टिकवायलाही शिकावं लागतं.

घरी कार्ड उघडाल तेव्हा "तुला हे का मिळालं" ऐवजी "यातलं एक करून दाखव ना" असं म्हणून बघा. कुठे अडतंय ते दोन मिनिटांत तुम्हालाच दिसेल.

शनिवारी १० ते १२ मी वर्गात आहे. येताना प्रगतिपत्रक आणि गणिताची वही आणा, आणि शक्य असेल तर मुलांनाही सोबत घेऊन या, त्यांच्याबद्दल त्यांच्यासमोरच बोलू. सही करून कार्ड सोमवारपर्यंत परत पाठवा, मागच्या वेळी सात कार्डं दप्तरातच राहिली होती!

तुमच्या मुलांची वर्गशिक्षिका
पाचवी ब