ऑक्टोबरच्या बिलांचा टीडीएस : चार बिलं, चार शंका

सर नमस्कार, ऑक्टोबर 2025 ची बिलं बुक करतेय, चलन भरायच्या आधी जरा विचारायचं होतं. आपली कंपनी प्रायव्हेट लिमिटेड.

लेबर कॉन्ट्रॅक्टरची बिलं जुलै 28,000, ऑगस्ट 29,000, सप्टेंबर 27,000 आणि आता ऑक्टोबरचं 26,000. एकही बिल 30,000 च्या वर नाही म्हणून आजवर काही कापलं नाही, आणि नावात एंटरप्रायझेस आहे तर 1 टक्का की 2 टक्के?

आर्किटेक्टची फी जूनमध्ये 45,000 दिली तेव्हा कापलं नाही, आता 20,000 अधिक जीएसटी 3,600 असं बिल आलंय, 30 ऑक्टोबरचं, पण मालक म्हणतात पैसे डिसेंबरमध्ये देऊ, मग टीडीएस पण डिसेंबरमध्येच ना?

कॉम्प्रेसरची वर्षाची एएमसी 40,000, एका कंपनीकडून, ही टेक्निकल सर्व्हिस धरायची का? आणि ट्रकवाल्याचं 35,000 चं भाडं आहे, तो म्हणतो माझा कापायचाच नसतो.

---

मॅडम नमस्कार,

लेबरवाल्यापासून सुरू करू कारण तिथेच सगळ्यांचा घोळ होतो. 194 सी ला दोन लिमिट आहेत, एका बिलाला 30,000 आणि पूर्ण वर्षाला मिळून 1,00,000, दोन्हीपैकी एक जरी ओलांडलं तरी कापायचं. तुमची चार बिलं मिळून 1,10,000 होतात म्हणजे ऑक्टोबरच्या बिलाने लिमिट ओलांडलं, आणि आता नुसत्या 26,000 वर किंवा वरच्या 10,000 वर नाही, सगळ्या 1,10,000 वर कापायचं. रेट नावावरून कधीच ठरवू नका, पॅनचं चौथं अक्षर बघा. पी असेल तर व्यक्ती, एच असेल तर एचयूएफ, दोघांना 1 टक्का. एफ म्हणजे फर्म, सी म्हणजे कंपनी, त्यांना 2 टक्के. तुमच्या लेजरला त्याचा पॅन आहे, चौथं अक्षर पी, म्हणजे प्रोप्रायटर, 1,100 कापा आणि हातात 24,900 द्या. तो विचारणारच की चार महिन्यांचं एकदम का कापलं, त्याला नीट समजवा की हे पैसे 26एएस मध्ये त्याच्याच नावावर दिसणार. हे 1,100 कापायचे राहिले तर कंपनीच्या 1,10,000 खर्चातले 30 टक्के म्हणजे 33,000 त्या वर्षी नामंजूर होतात, त्यामुळे रक्कम छोटी म्हणून सोडू नका.

आर्किटेक्टचं जूनमध्ये कापलं नाहीत ते बरोबरच. 194 जे चं लिमिट 1 एप्रिल 2025 पासून 30,000 चं 50,000 झालंय. आता एकूण 65,000 झाले, 10 टक्क्यांनी 6,500. जीएसटी बिलात वेगळा दाखवलाय म्हणून त्यावर कापायचं नाही, 23,600 मधून 6,500 वजा करून 17,100 द्यायचे. पण पैसे डिसेंबरमध्ये देणार म्हणून टीडीएस डिसेंबरमध्ये, असं अजिबात नाही हो! बिल खात्याला जमा करणं किंवा पैसे देणं, जे आधी होईल तेव्हा कापायचं. बिल ऑक्टोबरमध्ये बुक झालं म्हणजे चलन 7 नोव्हेंबरच्या आत. 8 तारखेला भरलंत तर महिन्याला दीड टक्का व्याज, आणि ऑक्टोबर नोव्हेंबर असे दोन महिने धरतात, म्हणजे एका दिवसाच्या उशिराला 195 रुपये. मालकांना हे आकडे दाखवा, पटेल. फक्त मार्चचं कापलेलं 30 एप्रिलपर्यंत भरता येतं.

एएमसीत खरी गंमत आहे, कंपनी असल्याने 194 सी धरा नाहीतर टेक्निकल म्हणून 194 जे धरा, रेट दोन्हीकडे 2 टक्केच, पण लिमिट वेगळं. 40,000 हे 194 सी च्या 30,000 च्या वर आणि 194 जे च्या 50,000 च्या खाली, म्हणजे कापायचं की नाही हे कलमावरच ठरतं. तुम्ही पाठवलेल्या करारात ऑइल बदलणं, फिल्टर, ठरलेल्या व्हिजिट एवढंच आहे, हा नेहमीचा मेंटेनन्स, 194 सी, 800 रुपये कापा. तज्ञ इंजिनिअरचा सल्ला किंवा तपासणीचा रिपोर्ट यासाठी फी असती तर मी वेगळं सांगितलं असतं.

ट्रकवाल्याचं म्हणणं बरोबर असू शकतं पण तोंडी चालत नाही. वर्षात कधीही दहापेक्षा जास्त मालट्रक नव्हते असं सही केलेलं डिक्लरेशन आणि पॅन घ्या, मग कापू नका. 26क्यू मध्ये मात्र त्याची एंट्री शून्य टीडीएसने दाखवावी लागते, लोक हेच विसरतात. पॅन दिलाच नाही तर 20 टक्के, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

म्हणजे चलनं 194 सी ला 1,900 आणि 194 जे ला 6,500. या तिमाहीचं रिटर्न 31 जानेवारीपर्यंत, उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये फी लागते. डिक्लरेशन आलं की स्कॅन करून पाठवा, त्याशिवाय ट्रकवाल्याचं पेमेंट सोडू नका.